गोधडीतला झोळ

मंडळी, यावेळची नोंद भाताची नाही, वालाचीही नाही. वाल झोडून झाले, राब भाजून झाला, बाहेरकाठ्याची डागडुजी गावकीने केली आणि वैशाखातल्या दुपारी मोकळ्या मिळाल्या. त्या दुपारींत मी गोधडी शिवली. हसू नका. शिवली, उसवली आणि परत शिवली, म्हणून लिहिण्यासारखं काही हातात आलं. पानावर निम्म्या तरी घरांत गोधडी शिवणारं कुणीतरी असेल, त्यांनी माझं चुकत असेल तिथे सांगावं.

कारण असं झालं. मुलगी पहिल्या बाळंतपणाला ज्येष्ठात घरी यायची होती. आईने तिच्यासाठी आपलं एक जुनं सुती लुगडं कधीचं बाजूला काढून ठेवलेलं. पण आईची नजर आता गेली आहे. उजेड-अंधार कळतो, सुईचं नेढं दिसत नाही. माझ्या घरच्या बाईला शाळेच्या पोषण आहाराचं काम आणि वर घरचं. मग मी म्हटलं, टाका म्हणजे टाका, खाली-वर, खाली-वर, त्यात काय एवढं? आवणाच्या रोपांची मुठीने लावणी करणाऱ्या माणसाला सरळ ओळ काय जड आहे?

लुगडं नऊवारी, म्हणजे सत्तावीस फूट. त्याचे चार तुकडे केले तर प्रत्येक पावणेसात फुटांचा होतो. माणसाच्या लांबीची गोधडी बरोबर बसते, कडा दुमडायला थोडं उरतं. रुंदी चार फुटांच्या जरा आत. मी हिशेब केला की चारांतले दोन तुकडे या गोधडीला, एक वर एक खाली, आणि दोन ठेवून द्यायचे पुढच्या नातवंडाला. मध्ये भर म्हणून हिची एक जुनी साडी घातली, दोन पदर करून. साडी कसली, तर ती झुळझुळीत, न चुरगळणारी, पॉलिस्टरची. धुऊन लवकर वाळते म्हणून मला ती फार शहाणपणाची वाटली.

चौघं पदर ओटीवर एकावर एक पसरले. हातभर अंतरावर कच्चे टाके घातले, म्हणजे टाचून घेतलं. मग चारी कडा आत दुमडून पक्क्या शिवून टाकल्या, कारण कडा लोंबत असली की मला काम अर्धवट वाटतं. आणि मग डाव्या काठापासून धावदोरा सुरू केला, मांडीवर घेऊन, पलंगावर बसून, पंख्याखाली.

अकरा ओळी झाल्या तेव्हा आईला दाखवली. दाखवली म्हणजे तिच्या पुढ्यात ठेवली. तिने एक तळहात गोधडीखाली घातला, दुसरा वर ठेवला आणि दोन्ही हात एकमेकांवर घासत वरून खाली नेले, पीठ मळताना हात फिरवावा तसे. टाके बघितलेच नाहीत. खालच्या टोकाजवळ आली आणि थांबली.

"हितं झोळ हाय," म्हणाली.

मला काही दिसत नव्हतं. तिने माझा हात घेतला आणि तिथे ठेवला. वरचं कापड खालच्यावर सुटं सरकत होतं, चिमटीत धरलं तर पिशवीसारखं वर यायचं. डोळ्याला ते सपाट दिसत होतं, कारण कडेने ते आवळून धरलं होतं. खालची कड उसवली तर वरचं लुगडं खालच्या लुगड्यापेक्षा दोन इंच पुढे आलेलं. दोन्ही तुकडे एकाच मापाचे, मी स्वतः कापलेले.

त्या रात्री मी हिशेब मांडला. माझी ओळ साडेसहा फुटांची, म्हणजे अठ्ठ्याहत्तर इंच. एका इंचात वरून चार टाके दिसतात, म्हणजे ओळीत तीनशे बारा टाके. दोन इंच म्हणजे पन्नास मिलिमीटर. भागाकार केला तर एका टाक्याला मिलिमीटरचा सहावा भाग. एवढंसं सरकणं डोळ्याला दिसणारच नाही. पण तीनशे बारा वेळा, एकाच दिशेने, एकाच पदराला. शेतातला उतार जसा चालताना कळत नाही आणि पाणी सोडलं की कळतो, तसं हे.

दुसऱ्या दिवशी गोधडीची वळकटी केली आणि रोह्याला मावशीकडे निघालो. पेणहून गाडीत बसलो, नागोठणे गेलं, रोहा आलं, तोपर्यंत मी मनात उत्तरं तयार करून ठेवली होती की दोराच खराब असेल. मावशी आईपेक्षा दहा वर्षांनी धाकटी. तिच्या हातच्या गोधड्या कुंडलिकेच्या दोन्ही काठांना अंथरल्या आहेत म्हटलं तरी चालेल. तिने वळकटी उलगडली, आतली साडी दोन बोटांत धरून चोळली आणि पहिला प्रश्न विचारला, "ह्यो मासोळीचा पापुद्रा कुनी घातला?"

सुती कापड सुती कापडाला धरतं. जुन्या लुगड्याचे बारीक तंतू वर आलेले असतात, ते एकमेकांत अडकतात, त्यामुळे नुसतं एकावर एक पसरलं तरी थोडी पकड येते. पॉलिस्टरचा धागा गुळगुळीत. त्याच्यावर वरचा पदरही घसरतो आणि खालचाही, म्हणजे घसरायच्या दोन जागा तयार होतात. शिवाय पुढे धुण्यात सूत आकसतं, पॉलिस्टर आकसत नाही, आणि सरळ शिवलेली गोधडीसुद्धा चार धुण्यांत सुरकुतते. मावशीने ट्रंकेतून मावसोबांचं जुनं धोतर काढलं. मावसोबांना जाऊन सहा वर्षं झाली. दोन पदर निघण्याएवढं ते धोतर होतं. मी नको म्हटलं, तर म्हणाली, "ट्रंकेत काय आंबं पिकवायचं हायत?"

पहिलं काम होतं उसवण्याचं, आणि तेच सर्वांत भीतीचं. लुगडं चाळीस वर्षांचं. मी दोरा टोकाला धरून सर्रकन ओढायला गेलो तर मावशीने हातावर चापट मारली. जुन्या कापडात लांब दोरा ओढला तर तो करवतीसारखा चिरत जातो. तिने गोधडी उलटी केली, खालच्या बाजूने ब्लेडच्या टोकाने दर चौथा टाका कापत गेली आणि मग सुलटी करून वरून दोरा उचलला. छोटे छोटे तुकडे आपोआप वर आले. अकरा ओळी उसवायला दोघांना अख्खी दुपार लागली. मग लुगडं खिडकीच्या उजेडासमोर धरून बघितलं. बसण्याच्या जागी कापड जाळीसारखं विरलेलं होतं, तिथे आतून धोतराच्याच कापडाचं तळहाताएवढं ठिगळ ठेवलं. अशा विरलेल्या जागी फार बारीक टाका घेऊ नये, असंही तिने सांगितलं. सुईची भोकं जवळजवळ पडली की कापड तिकिटासारखं त्या रेघेवर फाटतं. तिथे तिने टाका मुद्दाम थोडा लांब ठेवला.

आता टाचणं. माझा समज असा की कच्चा टाका म्हणजे तात्पुरता, कसाही चालतो. मावशीचा अर्धा वेळ टाचण्यात गेला.

तिने ओटीवरची लादी पुसून कोरडी केली. चटई नाही, सतरंजी नाही, नुसती लादी. खालचा पदर उलटा पसरला, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवलं. एका कोपऱ्यावर वरवंटा, एकावर वीट, बाकी दोन ठिकाणी हाताला लागेल ते. कापड ताणायचं नाही, फक्त सुरकुती जाईपर्यंत पसरायचं, कारण ताणून टाचलेलं कापड वजन काढल्यावर मागे येतं आणि बाकीच्या पदरांना गोळा करतं. मग प्रत्येक पदर एकेक करून वर टाकायचा आणि तळहाताने मधून बाहेर निपटत जायचं. दरवेळी मधून बाहेर. कापडाचा उभा धागा सगळ्या पदरांत एकाच दिशेला ठेवायचा. उभा धागा कमी ताणतो, आडवा जास्त ताणतो, आणि एक पदर आडवा पडला तर तो बाकीच्यांबरोबर चालत नाही.

चारही पदर पडल्यावर तिने लाल दोरा घेतला, लुगडं हिरवं असल्यामुळे लाल. पहिला कच्चा टाका मध्यभागी. तिथून वरच्या कडेपर्यंत, परत मध्यातून खालच्या कडेपर्यंत, मग डावीकडे, मग उजवीकडे. मग मध्यातूनच चार कोपऱ्यांकडे. त्यानंतर उभ्या-आडव्या ओळी, वितीपेक्षा कमी अंतरावर, साधारण सहा इंच. माझं अंतर होतं हातभर, म्हणजे दीड फूट. दीड फुटाच्या चौकटीत कापडाला सरकायला केवढी जागा! कच्चा टाका वरून दोन इंच लांब, खाली अगदी लहान, आणि दोरा ओढायचा नाही, नुसता टेकवायचा. टोकाला गाठ मारायची नाही, एक उलटा टाका पुरे, म्हणजे नंतर ओढला की निघतो.

शेवटी तिने माझ्या भाषेत समजावलं. तिलाही खारजमिनीचं माहीत आहे, माहेर आमच्याच बाजूचं. "तू उघाडी आधी बंद केलीस आनि मंग बोंबलतोस पानी का साचला." खरंच तसंच होतं. मी चारी कडा आधी पक्क्या शिवल्या. टाक्याटाक्याला जो थोडा थोडा जास्तीचा कपडा पुढे ढकलला जात होता त्याला बाहेर पडायला वाटच राहिली नाही, तो शेवटच्या हातभर जागेत कोंडला. कड उघडी असती तर तो बाहेर निघाला असता आणि मी शेवटी कात्रीने कापून टाकला असता.

मी विचारलं की काही बायका कडेपासूनच गोल गोल आत शिवत जातात, त्यांच्या गोधडीत झोळ का येत नाही? आमच्या आईचीही तीच पद्धत होती. यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायका जी कवंदी शिवतात तीही कडेपासून सुरू होऊन चौकोनात फिरत मध्यावर संपते. पण त्यांचं वरचं कापड एक अखंड तुकडा नसतं. लहान लहान तुकडे शिवता शिवता ठेवत जातात, कड दुमडत जातात, म्हणजे जास्तीचं कापड प्रत्येक तुकड्याच्या दुमडीत जिरतं. अखंड लुगडं वर असेल तर ही सोय नाही. मग एकतर आईसारखा हात पाहिजे, जो दर टाक्याला सरकणं जाणून मागे निपटतो, किंवा माझ्यासारख्याने मधून सुरू करावं.

मावशीने पहिली ओळ गोधडीच्या बरोबर मधोमध घेतली, लांबीत. आणि ती ओळसुद्धा टोकापासून नाही, मध्यापासून. दोरा दीड हात लांब घेतला, गाठ न मारता अर्धा लोंबता ठेवला, उरलेल्या अर्ध्याने वरच्या कडेच्या दिशेने शिवत गेली. मग लोंबता अर्धा सुईत ओवून खालच्या कडेच्या दिशेने. त्यामुळे मध्यावर गाठ नाही, आणि सरकणं एका दिशेला तीनशे बारा टाक्यांचं न होता दोन्हीकडे दीडशे-दीडशे टाक्यांचं झालं. जे काही पुढे ढकललं गेलं ते दोन्ही उघड्या कडांतून बाहेर.

मधली ओळ झाल्यावर लगेच तिच्या शेजारी ओळ घ्यायची नाही. डाव्या अर्ध्याच्या मध्यावर एक, उजव्या अर्ध्याच्या मध्यावर एक. मग राहिलेल्या चार पट्ट्यांच्या मध्यावर एकेक. अशा सात ओळींत गोधडीच्या आठ पट्ट्या होतात, प्रत्येक पावणेसहा इंचांची. एवढ्या पक्क्या झाल्यावर पदर कुठे जाणार? मग एकेक पट्टी घेऊन बोटभर अंतराने भरत जायचं. सगळ्या मिळून साठेक ओळी होतात. तीनशे बाराने गुणलं तर अठरा-एकोणीस हजार टाके. दोरा, आवळ-सावळ आणि टोकं धरून दीडशे मीटरच्या आसपास लागला.

पण मला जे सर्वांत उपयोगी पडलं ते बसणं. मी मांडीवर घेऊन शिवत होतो. मांडीवर कापड गोल वळतं, आणि गोलाच्या बाहेरच्या बाजूच्या पदराला आतल्यापेक्षा जास्त अंतर जायचं असतं. पुस्तक वाकवून बघा, पानांच्या कडा पायरीसारख्या होतात, तसंच. तशा अवस्थेत टाका घेतला की ती पायरी कायमची शिवली जाते. मावशी गोधडीवर बसते. खरंच, अंथरलेल्या गोधडीवर, शिवून झालेल्या भागावर मांडी घालून बसते आणि पुढच्या भागावर वाकते. तिचं वजन हेच मोठं वजन, वरवंट्याहून भारी. डावा तळहात पुढच्या कापडावर सपाट टेकलेला, आणि सुई जिथून बाहेर येणार त्याच्या थोडं पुढे अंगठा दाबलेला.

सुई उभी घालायची. टोक लादीला टेकलं की बारीक टक् असा आवाज येतो, बोटालाही कळतं. तो आला म्हणजे चारही पदर पार झाले. मग सुईची मागची बाजू खाली झुकवायची, टोक आपोआप वर येतं. परत उभी, परत टक्. सुईवर असे तीन किंवा चार टाके भरले की दोरा ओढायचा. मी हावरटपणाने आठ-आठ टाके भरायचो. सुईवर जितकी चुणी जास्त तितकं वरचं कापड जास्त उचललं जातं, खालचं लादीवरच राहतं आणि मघाचा मिलिमीटरचा सहावा भाग तिथेच तयार होतो. सुई तिरपी घातली तर आणखी एक खोड. वरून टाका छान दिसतो आणि खालून एकतर तीळभर असतो किंवा खालच्या पदराला पोचतच नाही. म्हणून दर ओळीनंतर गोधडी उलटून बघायची. वरून कणीएवढा टाका असेल तर खालूनही कणीएवढाच दिसला पाहिजे.

दोरा ओढून झाला की शिवलेल्या भागावरून अंगठ्याने मागच्या मागे एकदा निपटायचं. दोरा ओढताना कापड थोडं चुणतं, ते निपटल्यावर सैल होऊन जागेवर बसतं. माझी पहिली ओळ रोह्यात झाली तेव्हा मावशीने ती दोन्ही हातांनी लांबीत ताणून बघितली. दोरा कडक तारेसारखा वर आला. म्हणाली, एका धुण्यात तुटेल. उसवली. दुसरी ताणली तेव्हा कापड आणि दोरा बरोबरच ताणले गेले, तेव्हा "हां" म्हणाली. एवढंच. शाळेत पहिला नंबर आल्यावरही मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

दोन दिवस राहून सात मुख्य ओळी तिथेच पुऱ्या केल्या आणि वळकटी घेऊन परत पेणला आलो. वळकटी करतानाही तिने सांगितलं की घडी घालू नको, घडीच्या रेषेवर पदर मोडतात. गोल गुंडाळून आण.

घरी रोज दुपारी दोन तास. सुरुवातीला एका ओळीला चाळीस मिनिटं, शेवटी पंचवीस. आपल्याकडची दमट हवा सुईला सोसत नाही. हाताला घाम, सुई काळपट पडते आणि कापडात अडते. आई म्हणाली, डोक्यातून फिरव. केसांतलं तेल लागतं एवढ्यानेच सुई चालायला लागते. माझ्या डोक्यावर फारसं काही राहिलं नाही, तर ती तिच्या डोक्याशी सुई न्यायला लावायची. दोऱ्याला मेणबत्ती एकदा घासून घेतली की गुंता कमी होतो. मधल्या बोटाला अंगुस्तान नव्हतं म्हणून आठ दिवस सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला. शेवटी पेणच्या बाजारात धातूचं मिळालं, तेव्हा कळलं की आठ दिवस उगाच भोकं पाडून घेतली.

कच्चे लाल टाके मी एकदम काढले नाहीत. ज्या पट्टीच्या सगळ्या ओळी भरल्या तिच्यातलेच काढायचे. आणि धावदोरा लाल दोऱ्याच्या बरोबर वरून नेऊ नये. लाल दोरा त्यात अडकतो, मग निघताना पक्का टाकाही ओढतो. माझ्या दोन ठिकाणी अडकला. ते लाल ठिपके अजून आहेत.

गावातला एक जण म्हणाला, एवढं कशाला, शिलाई मशीनवर दोन तासांत होईल. मशीनवर शिवून घेतलेली गोधडी माझ्या घरात एक आहे. मशीनचे खालचे दाते खालचं कापड ओढतात आणि वरचा पाय वरचं दाबून धरतो. म्हणजे सरकणं तिथेही आहेच, आणि ते टाक्याटाक्याला निपटायला मध्ये अंगठा नसतो. ज्याला जाड पदर मशीनवर नीट येतात त्याने जरूर करावं, पण टाचणं तिथेही वितीच्या आतच पाहिजे.

सर्व पट्ट्या भरल्यावर चारी कडा बघितल्या. खालच्या कडेला वरचं लुगडं पाव इंच पुढे, वरच्या कडेला जवळजवळ बरोबर. एका कोपऱ्यात मात्र अर्धा इंच. तिथे एक दिवस मी आळसाने पलंगावर बसून दोन ओळी घेतल्या होत्या, त्याच पट्टीत. उसवावं की राहू द्यावं, असा विचार केला. लुगडं त्या कोपऱ्यात नाजूक होतं, म्हणून राहू दिलं. जास्तीचं कापड कात्रीने सरळ कापलं, मग कडा दुमडल्या आणि सर्वांत शेवटी शिवल्या.

धुतली एकदा, साध्या पाण्यात, पिळली नाही. ओली गोधडी दोरीवर एका कडेने टांगली तर सगळ्या पाण्याचं वजन त्या कडेच्या टाक्यांवर येतं आणि पदर खाली ओघळतात. म्हणून ओटीवर आडवी केली, पाणी निथळू दिलं आणि मग मागच्या कुडाच्या कुंपणावर सपाट अंथरली. त्या उन्हात संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळली. हे मेच्या आत झालं हे बरं. पहिला पाऊस झाल्यावर चार पदर आतून सुकत नाहीत आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात, ते कशाने जात नाहीत.

वाळल्यावर परत आईच्या पुढ्यात ठेवली. तोच प्रकार, एक तळहात खाली, एक वर. मधून सुरू केलं, चारी बाजूंना गेली. त्या कोपऱ्याशी थोडी थांबली, बोटाने दोनदा चाचपलं. मला वाटलं आता बोलणार. ती म्हणाली, "ह्ये धोतर कुनाचं?" मी सांगितलं. बराच वेळ हात तिथेच होता.

मुलगी आली, गेल्या आठवड्यात नातही झाली. दोघी त्याच गोधडीवर आहेत. बाहेर पाऊस धरलाय, राबातलं रोप वीतभर झालं, लावणी पुढच्या आठवड्यात. लुगड्याचे उरलेले दोन तुकडे मी कागदात गुंडाळून ठेवले आहेत. मधल्या पदराला जुनं सुती, खळ नसलेलं, निदान साडेतेरा फूट लांबीचं कापड कुणाकडे असेल तर कळवा, दिवाळीनंतर दुसरी सुरू करतो.